फोटोतील चेहऱ्याला नाव कसे सापडते?

गुगल फोटोजमध्ये लग्नाचे फोटो चढवले आणि एका चेहऱ्याला ‘मावशी’ असे नाव दिले, की बाकीच्या फोटोंतली मावशीही त्याच नावाखाली गोळा होते. मावशी कोण हे संगणकाला ठाऊक नसते. दोन चेहरे एकाच माणसाचे असावेत, एवढाच त्याचा अंदाज असतो.

आधी फोटोत चेहरे कुठे आहेत ते शोधले जाते. मग प्रत्येक चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत होते. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘फेसनेट’ पद्धतीत असे १२८ आकडे असतात. त्यातला एखादा आकडा म्हणजे नाकाची लांबी, असे मात्र नाही. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळ यावेत आणि दोन वेगळ्या माणसांचे दूर राहावेत, एवढेच लाखो फोटो दाखवून यंत्राला शिकवलेले असते. हे अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भरले, की दोन्ही चेहरे एका गटात जातात.

चुकाही या मर्यादेपाशीच होतात. ती सैल ठेवली तर मावशी आणि तिची सख्खी बहीण एकाच गटात येतात; कडक ठेवली तर गॉगल लावलेल्या किंवा मान वळवलेल्या मावशीचा वेगळाच गट होतो. एकाच व्यक्तीचे दोन गट दिसले, तर ते हाताने जोडता येतात.

ही सोय बंद करण्यासाठी ॲपमध्ये उजवीकडे वर आपल्या चित्रावर बोट ठेवून Photos settings उघडावे. तिथे Preferences आणि मग Group similar faces मध्ये Face grouping बंद करावे. मेनूची मांडणी अधूनमधून बदलते. त्यामुळे न सापडल्यास सेटिंगमध्ये या शेवटच्या नावाचाच शोध घ्यावा. असे केल्यावर चेहऱ्यांचे गट, त्यांना दिलेली नावे आणि गट करण्यासाठी बनवलेले चेहऱ्यांचे नमुने खात्यातून पुसले जातात. फोटो जागेवरच राहतात. म्हणून गट नुसते नजरेआड करायचे असतील तर सगळी सोय बंद करण्याची गरज नाही. एखादा चेहरा लपवण्याचीही तरतूद आहे.

या बटणाचा अंमल मात्र आपल्याच खात्यापुरता चालतो. मावशीने स्वतःच्या फोनवर सोय बंद केली, तरी भाचीच्या खात्यात तिचा गट तसाच राहतो.

फेसबुकवर प्रश्न याहून मोठा होता. तिथे २०१० च्या अखेरीपासून मित्रांच्या फोटोंत नावे सुचवली जात. संमतीशिवाय चेहऱ्याचे नमुने साठवल्याबद्दल अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या कायद्याखाली खटला झाला आणि तो ६५ कोटी डॉलरवर मिटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने ही यंत्रणा बंद करून शंभर कोटींहून अधिक लोकांचे नमुने पुसण्याचे जाहीर केले. मित्राने स्वतःहून नाव जोडणे मात्र फेसबुकवर आजही चालते. त्यासाठी Profile and tagging या सेटिंगमध्ये, असे टॅग आपल्या पानावर येण्याआधी तपासण्याची सोय आहे.