पैसे गेले, पावती कुठे?

31 मेच्या रात्री साडेअकराला मी आईच्या फ्लॅटची घरपट्टी भरत होतो. सवलतीचा शेवटचा दिवस, रक्कम 8,460 रुपये. यूपीआयच्या ॲपवर हिरवी खूण उमटली, बँकेचा मेसेज आला. महापालिकेच्या संकेतस्थळावरचं चक्र मात्र फिरत राहिलं आणि शेवटी पान कोरं झालं. पावती नाही. मिळकत क्रमांक टाकून पुन्हा पाहिलं, तर थकबाकी जशीच्या तशी.

पहिला विचार येतो तो पुन्हा पैसे भरण्याचा. तो आवरायला हवा, आणि का ते कळायला पैशांची वाट समजून घ्यावी लागते. आपले पैसे थेट महापालिकेच्या खात्यात जात नाहीत. मध्ये पेमेंट गेटवे चालवणारी कंपनी असते. ॲपवरची हिरवी खूण एवढंच सांगते, की पैसे आपल्या खात्यातून निघून त्या कंपनीच्या खात्यात पोचले. त्यानंतर ‘अमुक मिळकतीचे पैसे आले’ हा निरोप महापालिकेच्या संगणकाला जावा लागतो, आणि तो पोचल्यावरच पावती तयार होते. हा निरोप पुष्कळदा आपल्याच ब्राउझरमार्फत जातो. म्हणून आपण पान बंद केलं, नेट तुटलं किंवा शेवटच्या तारखेच्या गर्दीत संकेतस्थळ अडकलं, की पैसे पोचतात आणि निरोप वाटेत राहतो. राहून गेलेले निरोप नंतर गेटवेच्या यादीशी ताळा करून जुळवले जातात. त्याला बहुधा एखादा कामाचा दिवस लागतो, मध्ये सुट्टी आली तर जास्त. तेवढ्यात आपण पुन्हा पैसे भरले, तर दोन्ही रकमा जमा होतात आणि जादा रकमेसाठी अर्ज करत बसावं लागतं.

त्या रात्री करण्यासारखं काम एकच होतं: ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलातून बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहून घेणं. स्क्रीनशॉट असू द्यावा, पण शोध लागतो तो या क्रमांकावरून. बँकेच्या स्टेटमेंटमध्येही तोच असतो. महापालिकेच्या पानावर पैसे भरण्याआधी वेगळा व्यवहार क्रमांक दिसला असेल, तर तोही टिपावा.

दुसऱ्या दिवसापासून पाहायची ती थकबाकी. ती शून्य झाली असेल तर पैसे जमा झाले आहेत, आणि पावती संकेतस्थळावरच्या जुन्या भरण्यांच्या यादीतून उतरवून घेता येते. अनेकांची पावती खरं तर तयार झालेली असते, पण मेसेज जातो घराच्या आधीच्या मालकाच्या मोबाइलवर, कारण दप्तरी अजून त्याचाच नंबर असतो.

थकबाकी तशीच असेल तर बँक स्टेटमेंट पाहावं. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला खात्री मिळाली नाही, तर यूपीआयचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019चा नियम आहे. पैसे परत आले असतील, तर भरणा झालेलाच नाही आणि कर नव्याने भरावा लागेल. बँकेकडे तक्रार करूनही 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

राज्य सरकारची फी किंवा मुद्रांक शुल्क ‘ग्रास’वर भरताना आणखी एक घोटाळा होतो. तिथे चलन भरताच जीआरएन क्रमांक मिळतो आणि लोक त्यालाच पावती समजतात. पण तो पैसे भरण्याआधीच तयार होतो. चलनावर बँकेचा सीआयएन क्रमांक उमटला, तरच पैसे पोचले असं धरावं. gras.mahakosh.gov.in वर चलन शोधण्याची सोय आहे, तिथे हे पाहता येतं.

या सगळ्यात एक धोका मला फार जपून सांगावासा वाटतो. घाबरलेला माणूस इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधतो आणि भामट्याच्या हाती सापडतो. नंबर घ्यावा तो बिलावरचा किंवा बँकेच्या कार्डामागचा. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. जो तो टाकायला सांगतो, तो पैसे काढून घेतो आहे.

आमच्या बाबतीत सहा जूनपर्यंत थकबाकीही उतरली नाही आणि पैसेही परत आले नाहीत. म्हणजे रक्कम पलीकडे पोचली होती, फक्त आईच्या मिळकतीवर चढली नव्हती. मिळकत क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि यूटीआर लिहिलेला अर्ज, त्याला जोडलेलं स्टेटमेंटचं पान असं घेऊन मी करसंकलन कार्यालयात गेलो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. खिडकीवरच्या बाईंनी गेटवेच्या यादीत यूटीआर शोधला. नोंद होती, फक्त ‘प्रलंबित’ या शेऱ्याखाली पडून. त्यांनी ती वरिष्ठांकडे पाठवली. चौथ्या दिवशी पावती निघाली, तारीख 31 मेची, सवलत धरून.