दोन बॅटऱ्यांचे सर्किट : धारेची बेरीज चालते, शक्तीची का नाही?



डिप्लोमाला असलेला माझा भाचा परवा वही घेऊन आला. "मावशी, करंट बरोबर आलाय, पण पॉवर चुकतेय." चूक अगदी सहज होणारी आहे, म्हणून इथे मांडते.

सर्किट असे होते. तीन फांद्या एकमेकींना समांतर जोडल्या आहेत. पहिलीत १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रोध, दुसरीत ६ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रोध, तिसरीत फक्त २ ओहमचा रोध. दोन्ही बॅटऱ्यांचे धन टोक वरच्या बाजूला. तिसऱ्या रोधातून किती धारा जाईल?

इथे अध्यारोपण, म्हणजे सुपरपोझिशन वापरतात. एका वेळी एकच बॅटरी ठेवायची. दुसरी काढून तिच्या जागी नुसती तार आहे असे धरायचे, तिच्या फांदीतला रोध मात्र तसाच ठेवायचा. (प्रत्यक्ष प्रयोगात बॅटरी आधी काढा, मगच मोकळी टोके जोडा. बॅटरीच्या दोन टोकांना थेट तार लावायची नाही, ती भयंकर तापते.)

आधी फक्त १२ व्होल्ट. दोन समांतर रोध मिळून १ ओहम, त्यात पहिल्या फांदीचे २, एकूण ३ ओहम. म्हणजे ४ अँपिअर धारा. ती दोन सारख्या वाटांत विभागते, तिसऱ्या रोधाला २ अँपिअर मिळतात. आता फक्त ६ व्होल्ट. त्याच हिशेबाने १ अँपिअर. दोन्ही धारा एकाच दिशेने, म्हणून बेरीज ३ अँपिअर. हे बरोबर आहे.

आता शक्ती, P = I²R. भाच्याने वेगवेगळी काढली. २ अँपिअरची ८ वॅट, १ अँपिअरची २ वॅट, बेरीज १० वॅट. पण खरी धारा ३ अँपिअर आहे. ३ चा वर्ग ९, गुणिले २, म्हणजे १८ वॅट!

उरलेले ८ वॅट कुठे गेले? शक्ती धारेच्या वर्गावर अवलंबून असते, आणि (a + b)² म्हणजे a² + b² नव्हे. मधला 2ab सुटला. २ × २ × १ × २ ओहम = ८ वॅट, तेच हे!

दुसऱ्या फांदीत तर गंमतच आहे. तिथे १२ व्होल्टमुळे २ अँपिअर एका दिशेने आणि ६ व्होल्टमुळे २ अँपिअर उलट दिशेने येतात. खरी धारा शून्य, शक्तीही शून्य. वेगवेगळ्या शक्ती जोडल्या तर मात्र १६ वॅट येतात! जो रोध तापतच नाही, तो कागदावर तापलेला दिसतो.

म्हणून मुलांना क्रम असा सांगा : आधी धारा चिन्हासकट जोडा, मग एकदाच वर्ग करा. पडताळा म्हणून, खऱ्या धारांनी तिन्ही रोधांची शक्ती १८ + ० + १८ = ३६ वॅट येते. १२ व्होल्टची बॅटरी ३ अँपिअर देते, तेही ३६ वॅटच, आणि ६ व्होल्टची काहीच देत नाही. हिशेब जुळला!