सात-बारा आणि जन्मदाखला: अधिकृत संकेतस्थळ ओळखण्याची खूण पत्त्यातच

नवी दिल्ली : सात-बारा उतारा किंवा जन्माचा दाखला शोधण्यासाठी इंटरनेटवर नुसते नाव टाकले, की शासकीय संकेतस्थळाच्या आधी जाहिरातींचे दुवे दिसण्याची शक्यता असते. त्यांतील काही स्थळे अशोकस्तंभ, तिरंगी पट्टी आणि शासकीय भाषा वापरून शुल्क आकारतात. प्रत्यक्षात हीच माहिती शासन विनामूल्य किंवा अत्यल्प शुल्कात देते.

ओळखीची सर्वांत भरवशाची खूण मुखपृष्ठावर नसून पत्त्यात असते. ‘gov.in’ हा अंत्यभाग केवळ शासकीय संस्थांनाच मिळतो आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र तो पडताळणीनंतर देते. पत्ता वाचताना ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेषेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे तपासावा. शेवटी ‘gov.in’ आणि त्याआधी टिंब असले पाहिजे. टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, म्हणजे उदाहरणार्थ ‘mahabhumi-gov.in’, तर तो कोणीही विकत घेऊ शकेल असा खासगी पत्ता ठरतो. ‘gov.in’ मध्येच येऊन पुढे आणखी नाव जोडलेले असेल, तरीही तेच. कुलपाचे चिन्ह मात्र फसवे आहे. ते फक्त संपर्क सुरक्षित असल्याचे सांगते, पलीकडे कोण आहे हे सांगत नाही.

समजा, इंदूरमध्ये स्थायिक झालेल्या एका कुटुंबाला सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीचा उतारा पाहायचा आहे. त्यांनी bhulekh.mahabhumi.gov.in उघडून पुणे विभाग निवडावा, नंतर जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांक टाकावा. गट क्रमांक ठाऊक नसल्यास खातेदाराच्या नावाने शोध घेता येतो. मोबाइल क्रमांक आणि चित्रातील अक्षरे भरल्यावर उतारा पडद्यावर येतो. यासाठी एक पैसाही लागत नाही. मात्र हा उतारा केवळ माहितीसाठी असतो. तो कायदेशीर कामासाठी चालत नाही.

बँकेला किंवा न्यायालयाला द्यायचा उतारा digitalsatbara.mahabhumi.gov.in वर मिळतो. तो डिजिटल स्वाक्षरीचा असतो आणि एका सात-बाऱ्यासाठी १५ रुपये शुल्क आहे. नकली स्थळांचा व्यवहार नेमका या दोहोंमधील फरकावर चालतो. ती पहिल्या स्थळावरचा मोफत उतारा उचलतात, तळाची ‘केवळ माहितीसाठी’ ही सूचना छाटतात आणि शे-दोनशे रुपये घेऊन तो ग्राहकाला देतात. फसवणूक उघड होते ती बँकेच्या खिडकीवर. खऱ्या उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि तो त्याच शासकीय स्थळावर टाकून तपासता येतो.

अन्य राज्यांची स्थळेही याच पद्धतीने ओळखता येतात. मध्य प्रदेशचे mpbhulekh.gov.in आणि गुजरातचे anyror.gujarat.gov.in ही त्याची उदाहरणे. नाव आठवत नसल्यास शोधयंत्रावर विसंबण्यापेक्षा igod.gov.in या शासकीय निर्देशिकेतून दुवा उघडणे बरे.

जन्मदाखल्याच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. सात-बाऱ्याची नक्कल निदान खऱ्या नोंदीची असते; बनावट जन्मदाखल्यामागे मात्र नोंदच नसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यामुळे अशी चूक मुलाला वर्षानुवर्षे भोवू शकते.

भारताच्या महानिबंधकांचे नोंदणी स्थळ dc.crsorgi.gov.in हे आहे. काही राज्ये व महापालिका मात्र स्वतःची प्रणाली वापरतात. जन्म जेथे झाला तेथील निबंधकाकडेच नोंद होते, पालक राहतात तेथे नव्हे. २१ दिवसांच्या आत कळवल्यास नोंदणीस शुल्क नाही आणि पहिला दाखलाही मोफत मिळतो. विलंब जसा वाढतो तशा परवानग्या वाढतात. एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून ‘कोणत्याही वर्षाचा दाखला, दहा मिनिटांत’ हे आश्वासनच खोटेपणाचा पुरावा मानावा. अनेक जुन्या नोंदी तर अद्याप स्थानिक कार्यालयाच्या नोंदवहीतच आहेत.

दाखल्यावरील क्यूआर संकेत पाहून निर्धास्त होणेही धोक्याचे. तो संकेत म्हणजे केवळ एक दुवा असतो, आणि बनावट दाखल्यावरील दुवा बनावट स्थळच उघडतो, तेथे ‘दाखला वैध’ असे लिहिलेलेही दिसते. संकेत स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या पानाचा पत्ता वरील रीतीने वाचला, तरच पडताळणीला अर्थ आहे.

पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या मदत क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथे तातडीने तक्रार नोंदवावी आणि व्यवहार क्रमांक तसेच त्या स्थळाच्या पत्त्याचे छायाचित्र जपून ठेवावे.