तापलेल्या स्ट्रँगलला एका कॉलचा आधार

समजा, निफ्टी २४,००० असताना तुम्ही २४,५०० चा कॉल आणि २३,५०० चा पुट प्रत्येकी ८० रुपयांना विकला. निफ्टी २४,४०० वर गेला आणि कॉल १९० झाला. सगळी पोझिशन रोल केली, तर कॉलवरचा ११० चा तोटा आजच पदरात पडतो. त्याऐवजी १०० रुपयांना २४,७०० चा कॉल विकत घ्यावा. १६० पैकी ६० उरतात. पण निफ्टी कितीही चढला, तरी एक्स्पायरीला तोटा १४० पॉइंटांवर थांबतो. मार्जिनही कमी लागते. मात्र खालची बाजू उघडीच राहते आणि तिथला ब्रेकइव्हन २३,३४० वरून २३,४४० वर सरकतो. उशीर केला, तर हाच कॉल उरलेला प्रीमियमही खातो.