तीन विहिरी सांगतात भूजलाची दिशा

बंगळुरू शहराच्या जुन्या पेठेला लागून १८९२ साली चामराजपेट हा विस्तार वसविण्यात आला. त्या काळी घरोघरी विहिरी होत्या. पुढे नळाचे पाणी आले आणि अनेक विहिरी झाकल्या गेल्या, काही बुजविल्या गेल्या. मात्र २००९ साली बंगळुरूमध्ये मोठ्या भूखंडांवर पावसाचे पाणी साठविणे वा जिरविणे बंधनकारक झाले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या. त्यानंतर जुन्या विहिरींकडे पुन्हा लक्ष गेले. विहीर उपसून स्वच्छ करण्यापूर्वी घरमालकाला एक प्रश्न पडतोच. जवळच्या गटारातील गळती आपल्या विहिरीत येईल काय?

सांडपाण्याचा चेंबर विहिरीपासून किती अंतरावर आहे, एवढेच पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जमिनीखालचे पाणी कोणत्या दिशेने वाहते, हे कळले पाहिजे. त्यासाठी तीन विहिरी, एक मोजफीत आणि साध्या भूमितीचा आधार पुरेसा असतो. या पद्धतीला त्रिबिंदू पद्धत असे म्हणतात.

खोली नव्हे, उंची

चामराजपेट उंचवट्याच्या उतारावर आहे. पश्चिमेस वृषभावतीचे खोरे आहे आणि दक्षिणेस केंपांबुधी तलाव. वरच्या थरात माती व मुरूम असून त्याखाली नाईस जातीचा कठीण खडक आहे. जुन्या विहिरींचे पाणी प्रामुख्याने या मुरमाच्या थरातील असते.

भूजल जेथे पाण्याची पातळी उंच आहे तेथून जेथे ती खाली आहे तिकडे जाते. येथेच पहिली गफलत होते. एका विहिरीत पाणी ५ मीटरवर लागते आणि दुसरीत ८ मीटरवर, म्हणून पहिलीचे पाणी उंच, असे लोक समजतात. परंतु दोन्ही विहिरींचे काठ एकाच उंचीवर नसतात. म्हणून प्रत्येक काठाची उंची एका ठरावीक खुणेपासून मोजावी लागते. समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असण्याची गरज नाही. एखाद्या पक्क्या इमारतीची पायरी १००.०० मीटर मानून चालते. काठाच्या उंचीतून पाण्यापर्यंतची खोली वजा केली की पाण्याची पातळी मिळते.

काठांची उंची भूमापकाच्या लेव्हल यंत्राने घ्यावी. ते नसल्यास गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळीही चालते. मात्र मोजत मोजत शेवटी पुन्हा पहिल्या खुणेवर यावे. सुरुवातीचा व शेवटचा आकडा दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक वेगळा आला, तर मोजणी पुन्हा करावी.

एक उदाहरण

ही पद्धत समजण्यासाठी चामराजपेटसारख्या वस्तीतील तीन विहिरी घेऊ. आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत. 'अ' विहिरीच्या नेमक्या पश्चिमेस २०० मीटरवर 'क' विहीर आहे. 'ब' विहीर 'अ' च्या १५ मीटर पश्चिमेस आणि ८० मीटर दक्षिणेस आहे.

'अ' चा काठ १०१.४० मीटर उंचीवर असून पाणी ८.२० मीटर खोल आहे. म्हणजे पाण्याची पातळी ९३.२० मीटर. 'ब' चा काठ ९९.०० आणि खोली ६.७०, म्हणून पातळी ९२.३०. 'क' चा काठ ९५.९० आणि खोली ५.१०, म्हणून पातळी ९०.८०. सर्वांत कमी खोलीवर पाणी असलेल्या 'क' विहिरीची पातळीच सर्वांत खाली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता तिन्ही विहिरी कागदावर प्रमाणात मांडाव्यात. एक सेंटिमीटर म्हणजे १० मीटर, हे प्रमाण सोयीचे. सर्वांत उंच पातळीची 'अ' आणि सर्वांत खालच्या पातळीची 'क' यांना जोडणारी रेषा काढावी. या २०० मीटर अंतरात पातळी २.४० मीटरने उतरते. मधली पातळी, म्हणजे 'ब' ची ९२.३०, ही 'अ' पेक्षा ०.९० मीटरने खाली आहे. २.४० मीटर उतरण्यास २०० मीटर लागतात, तर ०.९० मीटर उतरण्यास ७५ मीटर. म्हणून 'अ' पासून 'क' च्या दिशेने ७५ मीटरवर एक खूण करावी. या खुणेखालीही पाण्याची पातळी ९२.३० मीटर असली पाहिजे.

ही खूण आणि 'ब' विहीर यांना जोडणारी रेषा म्हणजे समपातळी रेषा. तिच्यावर सर्वत्र पाण्याची पातळी सारखीच आहे, असे मानले जाते. डोंगरउतारावर पाणी जसे समोच्च रेषेला काटकोनात उतरते, तसेच भूजलही समपातळी रेषेला काटकोनात वाहते. म्हणून 'क' विहिरीपासून या रेषेवर लंब टाकावा. लंबाची दिशा हीच प्रवाहाची दिशा. आपल्या उदाहरणात प्रवाह पश्चिमेपासून सुमारे ३७ अंश दक्षिणेकडे झुकलेला, म्हणजे ढोबळमानाने नैऋत्येकडे आहे.

या लंबाची लांबी कागदावर मोजली असता १० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात १०० मीटर भरते. एवढ्या अंतरात पातळी ९२.३० वरून ९०.८० वर, म्हणजे १.५० मीटरने उतरते. १.५० ला १०० ने भागले असता ०.०१५ हा भूजलाचा उतार मिळतो. दर १०० मीटरला दीड मीटर, असे त्याचे वाचन करावे.

कोणती विहीर धोक्यात?

समजा, 'ब' विहिरीच्या नैऋत्येस, प्रवाहाच्या नेमक्या दिशेत २५ मीटरवर गळका चेंबर आहे. दुसरा गळका चेंबर 'क' विहिरीपासून १०० मीटरवर, प्रवाहाच्या वरच्या अंगास, ईशान्येकडे आहे. अंतर पाहता 'ब' विहीर अधिक धोक्यात वाटते. प्रत्यक्षात पहिल्या चेंबरची गळती 'ब' पासून दूर जाते, तर दुसऱ्याची 'क' कडे येते.

ती किती दिवसांत येईल, याचा अंदाज फ्रेंच अभियंता आंरी दार्सी यांनी १८५६ साली मांडलेल्या नियमावरून करता येतो. त्यासाठी थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता माहीत असावी लागते. ती दिवसाला १ मीटर धरू आणि पाणी ज्यातून वाहते त्या पोकळ्यांचे प्रमाण ३ टक्के धरू. १ ला ०.०१५ ने गुणून ०.०३ ने भागले असता दिवसाला अर्धा मीटर हा वेग येतो. १०० मीटर अंतरास २०० दिवस लागतील. एवढ्या अवधीत अनेक रोगजंतू नष्ट होऊ शकतात, परंतु सांडपाण्यातून येणारे नायट्रेट तसे नष्ट होत नाही. शिवाय थरातून पाणी वाहण्याची क्षमता एकाच वस्तीत दहापटीने कमीअधिक असू शकते. तेव्हा दिशेवर जेवढा विश्वास ठेवावा, तेवढा दिवसांच्या आकड्यावर ठेवू नये. पाणी पिण्यासाठी वापरायचे असल्यास प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही.

चूक कोठे होते?

सर्वांत सामान्य चूक काठाची आहे. समजा, 'ब' विहिरीला ६० सेंटिमीटर उंच कठडा आहे. खोली कठड्याच्या माथ्यापासून मोजली आणि उंची मात्र जमिनीची घेतली, तर पातळी ९२.३० ऐवजी ९१.७० येते. एवढ्यानेच प्रवाहाची दिशा ३७ ऐवजी ५४ अंश दक्षिणेकडे झुकते आणि उतार ०.०१५ वरून ०.०२० होतो. म्हणून कठड्यावर रंगाने खूण करावी आणि दोन्ही मोजमापे त्याच खुणेपासून घ्यावीत.

दुसरी चूक पंपाची. पंप चालू असताना विहिरीतील पातळी भोवतालच्या पातळीपेक्षा खाली जाते आणि भूजल सर्व बाजूंनी त्या विहिरीकडे वळते. तिन्ही विहिरी रात्रभर न उपसता त्याच सकाळी मोजाव्यात. अर्ध्या तासाने 'ब' ची पातळी पुन्हा मोजावी. ती वर चढत असेल, तर विहीर अद्याप स्थिरावलेली नाही. हेही लक्षात ठेवावे, की 'ब' मधून रोज भरपूर उपसा होत असेल, तर २५ मीटरवरील चेंबरची गळती उलट्या दिशेने तिच्याकडे ओढली जाऊ शकते. न उपसता मोजलेली दिशा त्या वेळी लागू होत नाही.

तिसरी चूक अधिक गंभीर आहे. तिन्ही विहिरी एकाच जलधारक थरातील असाव्या लागतात. मुरमातील उघडी विहीर आणि खोल खडकातील भेगांचे पाणी घेणारी कूपनलिका यांच्या पातळ्या एकत्र केल्या, तर येणारी दिशा निरर्थक ठरते. महाराष्ट्रातही हीच सावधगिरी हवी. तेथील बेसाल्टचे थर एकावर एक असल्याने शेजारच्या दोन विहिरी वेगवेगळ्या थरांचे पाणी देऊ शकतात.

विहिरींची मांडणीही महत्त्वाची आहे. त्या जवळजवळ एका सरळ रेषेत असतील, तर काही सेंटिमीटरच्या चुकीने दिशा पार बदलते. त्रिकोण शक्यतो रुंद असावा.

चौथी विहीर साक्षीदार

तीन बिंदूंमधून एक सपाट पृष्ठ नेहमीच जाते. म्हणून मोजणी चुकली असली, तरी ही पद्धत काही ना काही उत्तर देतेच. तिची परीक्षा चौथ्या विहिरीने करता येते. समजा, 'अ' पासून १०० मीटर पश्चिमेस आणि ५० मीटर दक्षिणेस आणखी एक विहीर आहे. आपल्या उतारानुसार तेथे पातळी ९१.५५ मीटर असावयास हवी. प्रत्यक्षात ९१.५० भरली, तर दिशा ग्राह्य मानता येते. ती मीटरभर खाली निघाली, तर जवळपास उपसा आहे, थर वेगळा आहे अथवा मोजणीत दोष आहे. ती बरीच वर निघाली, तर एखादी पाण्याची वाहिनी गळत असण्याचीही शक्यता असते. कावेरीचे पाणी आणणाऱ्या शहरी नळांच्या गळतीने ठिकठिकाणी भूजलाचे छोटे उंचवटे तयार होतात आणि पाणी तेथून चोहीकडे पसरते.

भूजलाची दिशा वर्षभर एकच राहीलच असे नाही. मे महिन्यात, पावसापूर्वी, एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसऱ्यांदा मोजणी करावी. दोन्ही वेळा बाण एकाच दिशेस राहिला, तर पावसाचे पाणी जिरविण्याचा खड्डा कोठे घ्यावा आणि विहिरीच्या कोणत्या अंगास असलेली गटारे आधी दुरुस्त करून घ्यावीत, हे रहिवाशांना ठरविता येईल.