कस्टर्डला पाणी का सुटतं?

मुंबईच्या इराणी हॉटेलांत मिळणारं कॅरमल कस्टर्ड चमच्याखाली रेशमासारखं कापलं जातं. घरी केलेल्या कस्टर्डमध्ये मात्र कधी कधी आत बारीक भोकं दिसतात आणि कापल्याजागी फिकट पाणी साचतं. भोवतीचा तपकिरी पाक हा दोष नव्हे, तो विरघळलेला कॅरमल असतो. फिकट पाणी मात्र कस्टर्डला गरजेपेक्षा जास्त आच लागल्याची खूण असते.

अंड्यातली प्रथिनं तापली की उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं तयार होतं. दूध या जाळ्यात धरलं जातं. नुसतं अंडं ६० ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतं. दूध आणि साखर मिसळल्यावर प्रथिनं विरळ होतात, म्हणून कस्टर्ड ८० अंशांच्या आसपास जमतं. ८५ च्या पुढे गेलं की जाळं आवळत जातं आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. आच आणखी वाढली तर गुठळ्या होतात, म्हणजेच कस्टर्ड फाटतं. जमणं आणि फाटणं यांत अंतर असतं ते एवढ्या मोजक्या अंशांचं.

प्रमाणाचं उदाहरण घेऊ. अर्धा लिटर दुधाला ३ पूर्ण अंडी, २ बलक आणि १०० ग्रॅम साखर घेतली तर कस्टर्ड उलटं केल्यावर उभं राहतं आणि मऊही लागतं. त्याच दुधात दोनच अंडी घातली तर जाळं कमजोर पडतं आणि कस्टर्ड ताटलीत बसकण मारतं. पाचही पूर्ण अंडी घातली, तर पांढऱ्या भागामुळे ते घट्ट, रबरासारखं होतं. बलकातल्या स्निग्धांशामुळे मऊपणा येतो.

ओव्हन १६० अंशांवर असला, तरी कस्टर्डला थेट ती आच लागू द्यायची नसते. म्हणून वाट्या खोलगट ट्रेमध्ये ठेवून त्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी ओततात. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते, त्यामुळे उघड्या ट्रेमधलं पाणी सहसा उकळीच्या खालीच राहतं. अख्खा ट्रे फॉइलने घट्ट झाकला, तर ही वाफ कोंडते आणि पाणी उकळू लागतं.

लहान वाट्यांना साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. कडा जमलेल्या आणि मधला रुपयाएवढा भाग अजून थरथरणारा दिसला की वाट्या लगेच पाण्याबाहेर काढाव्यात. तशाच पाण्यात राहिल्या तर कस्टर्ड शिजत राहतं. मधला भाग बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेनेच जमतो.

ओव्हन नसलेल्या घरांत कस्टर्ड कुकरमध्ये वाफवतात. कुकरची शिट्टी लावली, तर आतलं तापमान १०० च्याही वर जातं आणि कस्टर्डला हमखास जाळी पडते. शिट्टी काढून, वाटी झाकून, मंद आचेवर ते वाफवावं लागतं.