बरणीतला पांढरा मणी

एका बरणीत 100 मणी घ्या. 40 तांबडे, 30 पिवळे, 15 निळे, 10 हिरवे आणि फक्त 5 पांढरे. डोळे मिटून एक मणी काढायचा, रंग टिपून ठेवायचा, मणी परत टाकून बरणी हलवायची. असे 10 वेळा करायचे आणि त्या 10 नोंदींच्या प्रमाणात दुसरी बरणी भरायची. समजा, 5 तांबडे, 2 पिवळे, 2 निळे आणि 1 हिरवा हाताला लागला. मग नव्या बरणीत 50 तांबडे, 20 पिवळे, 20 निळे आणि 10 हिरवे मणी पडतील. ही पुढची पिढी. तिसरी बरणी या दुसरीतूनच भरायची.

पांढरा मणी दुसऱ्या बरणीत नाही, म्हणून तिसरीतही असणार नाही, दहावीतही नाही. त्याच्यात काही खोट नव्हती, तो फक्त हाताला लागला नाही. आणि असे घडणे मुळीच विरळ नाही. शंभरात पाच असलेला रंग दहाच्या दहा वेळा हुकण्याची शक्यता सुमारे 60 टक्के आहे. हिरवा रंगही साधारण तीनातल्या एका खेपेला असाच नाहीसा होतो. आता 10 ऐवजी 100 वेळा मणी काढा. पांढरा रंग हुकण्याची शक्यता एकदम खाली येते. हजार वेळा हा खेळ मांडला, तर जेमतेम सहा वेळा. मणी तेच, हात तोच, फरक फक्त किती वेळा काढले याचा.

मणी म्हणजे जनुकाची एक प्रत, आणि रंग म्हणजे त्या जनुकाचे एक रूप. प्रत्येक प्राण्यात दर जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे आपले 10 मणी म्हणजे प्रत्यक्षात पाचच प्राणी. दर पिढीला कोणत्या प्रती पुढे जातात यात नशिबाचा भाग असतो, आणि त्यामुळे रूपांचे प्रमाण आपोआप हलत राहते. याला जनुकीय विचलन, म्हणजेच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. मोठ्या समूहात हे हलणे इतके मंद असते की सहसा जाणवत नाही. पण रोगाने, शिकारीने किंवा जमीन हिरावली गेल्याने समूह अचानक मूठभर उरला, की एकाच फटक्यात कितीतरी रूपे गळतात. हा बॉटलनेक इफेक्ट. त्यानंतर संख्या पुन्हा हजारांवर गेली, तरी ती उरलेल्याच रंगांची वाढ असते. नवा रंग मिळायचा तर नवे उत्परिवर्तन व्हावे लागते, आणि त्याला फार मोठा काळ लागतो. नाहीतर दुसऱ्या बरणीतून मणी आणावे लागतात.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात हे सगळे एका पक्ष्याच्या बाबतीत घडले, आणि त्याच्या नोंदी उपलब्ध आहेत. प्रेअरी चिकन हा उंच गवताच्या माळावरचा, कोंबडीएवढा पक्षी. 1837 मध्ये जॉन डीअर याने इलिनॉयमध्येच पोलादी नांगर बनवला. प्रेअरीची चिकट, मुळांनी घट्ट विणलेली जमीन त्याने उलटू लागली आणि गवत जाऊन मका आला. एके काळी लाखोंनी असलेले हे पक्षी 1933 मध्ये सुमारे 25,000 उरले, 1962 मध्ये 2,000, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पन्नासपेक्षाही कमी.

डोकी मोजून मिळालेला पन्नासचा आकडाही फसवा आहे. वसंतात नर एका मोकळ्या जागेवर जमतात, गळ्याच्या केशरी पिशव्या फुगवून घुमतात, पाय आपटत नाचतात. माद्या बघतात आणि बहुतेक सगळ्या एकदोन नरांनाच पसंत करतात. (आपला माळढोकही असाच. त्याचा नर माळावर ऐटीत फिरतो आणि अनेक माद्यांशी जुगतो, पिल्लांची जबाबदारी मात्र मादीवर.) समजा, 50 पक्ष्यांत 25 माद्या आहेत आणि प्रत्यक्षात तीनच नर बाप होतात. लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या हिशेबाने हा समूह, विचलनाच्या दृष्टीने, जेमतेम 11 पक्ष्यांच्या समूहासारखा वागतो. बरणीतून मणी काढताना सर्वांना सारखी संधी असते. माळावर ती नसते, म्हणून खरी गळती बरणीतल्यापेक्षा वेगाने होते.

अभ्यासकांना पहिल्यांदा खटकली ती अंडी. 1960 च्या दशकापर्यंत घरट्यातल्या शंभरपैकी 93 अंड्यांतून पिल्ले निघत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निम्मीही निघेनात. गवताळ जमीन कमी पडली म्हणून, असे म्हणावे, तर उरलेले तुकडे अभयारण्ये करून राखले होते, तिथल्या गवताची निगाही घेतली जात होती. तरीही अंडी उबेनात. संशय जनुकांवर गेला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. कॅन्ससमध्ये आणि नेब्रास्कात या पक्ष्यांची मोठी संख्या टिकून होती. तिथल्या पक्ष्यांशी तुलना केल्यावर इलिनॉयच्या पक्ष्यांत जनुकीय विविधता कमी दिसली, पण ते पक्षी मुळातच असे असतील तर?

उत्तर संग्रहालयात होते. 1930 आणि 1960 च्या दशकांतले, इलिनॉयमध्येच जमवलेले पक्षी तिथे जपून ठेवलेले होते. हुआन बूझा आणि सहकाऱ्यांनी त्या वाळलेल्या नमुन्यांतून डीएनए मिळवला आणि त्यातल्या सहा ठिकाणी किती वेगवेगळी रूपे आहेत ते पाहिले. जुन्या पक्ष्यांत दर ठिकाणी सरासरी 5 च्या वर रूपे सापडली, कॅन्सस आणि नेब्रास्कातल्या पक्ष्यांत 5.8. इलिनॉयच्या नव्या पक्ष्यांत मात्र 3.7. म्हणजे विविधता आधी होती आणि गेली. याहून थेट पुरावा मला ठाऊक नाही: आधीची बरणी आणि नंतरची बरणी एकाच टेबलावर.

रंग गेल्याने अंडी का नासावीत? काही रूपे घातक असतात, पण आईबापांपैकी दोघांकडूनही तीच प्रत मिळाली तरच त्रास देतात. मोठ्या समूहात अशी जोडी क्वचित जमते. छोट्या समूहात सगळेच नात्यातले. शिवाय घातक रूपही नशिबाने पसरू शकते, कारण इतक्या लहान बरणीत नैसर्गिक निवडीपेक्षा हाताला काय लागले तेच वरचढ ठरते. मग गर्भ अंड्यातच मरतो.

हे निदान खरे असेल, तर बाहेरचे मणी आणल्यावर अंडी सुधारायला हवीत. 1992 पासून पाच वर्षांत मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्कातून 271 पक्षी आणून इलिनॉयमध्ये सोडले. थोड्याच वर्षांत उबणाऱ्या अंड्यांचे प्रमाण पुन्हा 90 टक्क्यांच्या वर गेले. जागा तीच होती, गवत तेच होते. बदलली ती जनुके.

तरीही एवढ्याने पक्षी सावरले नाहीत. गवताळ जमीन काही वाढली नव्हती, तेव्हा समूह लहानच राहिला, आणि लहान समूहात विचलन पुन्हा सुरू होतेच. 2014 मध्ये कॅन्ससहून पुन्हा पक्षी आणावे लागले.